पाट, प्रतिष्ठा आणि वीस गुंठे

विधवाविवाहाचा इतिहास आमच्याकडे ज्या रीतीने सांगितला जातो ती रीत फार सोयीची आहे, आणि सोयीची आहे म्हणूनच ती इतकी वर्षे टिकून राहिली आहे. पूर्वी विधवेचे पुन्हा लग्न लावणे हे महापातक समजत. पुढे ईश्वरचंद्र विद्यासागर, विष्णुशास्त्री पंडित, धोंडो केशव कर्वे असे पुरुष निर्माण झाले. त्यांनी शिव्याशाप व बहिष्कार सोसले. आणि त्यांच्या पुण्याईने समाजाचे मन पिढी दर पिढी निवळत जाऊन आजच्या उदार स्थितीस पोचले, अशी ती कथा. शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून सत्कारसमारंभातील भाषणापर्यंत हीच कथा आम्ही ऐकत आलो. ज्यांनी ती प्रथम सांगितली त्यांच्याविषयी आमच्या मनात यत्किंचितही अनादर नाही. परंतु लोणंदसारख्या गावात, नीरेच्या दक्षिणेकडील या मुलुखात, बहुसंख्य घरांच्या बाबतीत ही कथा खोटी आहे. आणि ती खोटी असूनही खरी मानल्यामुळे आजच्या विधवेचे व घटस्फोटितेचे प्रत्यक्ष नुकसान होत आहे, असे आमचे म्हणणे आहे.

१८८५ साली प्रसिद्ध झालेले सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर कोणीही उघडून पाहावे. त्यात एकामागून एक जातींची वर्णने येतात आणि विधवांना पुन्हा लग्न करण्याची मुभा आहे, हे वाक्य पालुपदासारखे पुन्हा पुन्हा भेटते. कुणबी, माळी, धनगर, न्हावी, कुंभार, महार, मांग या सर्वांत पाट होता. केशवपन, अंधारी खोली, अलवण हे सगळे हाल ब्राह्मणांच्या आणि ब्राह्मणांचे अनुकरण करणाऱ्या मोजक्या घराण्यांच्या वाट्याचे होते. १८६३ साली ज्या जोडप्याने पुण्यात आपल्या घरी ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्या सावित्रीबाई याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, आणि जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. दोघेही माळी. ज्या जातीत विधवेला पाट लावता येत होता त्या जातीच्या माणसांनी, ज्या जातीत तो लावता येत नव्हता तिच्या लेकीसुनांची बाळंतपणे आपल्या घरात केली, ही गोष्ट आमच्या लोकप्रिय कथेच्या चौकटीत नीट बसत नाही. म्हणून तिचा उल्लेख होतो तो केवळ दयेचा दाखला म्हणून.

पाटाचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. पाट म्हणजे लग्न नव्हे, हे तो लावणाराच पदोपदी बजावीत असे. लग्न दिवसाउजेडी, वाजतगाजत, मांडवात व्हायचे. पाट रात्री, बहुधा वद्य पक्षात, चारदोन माणसांच्या साक्षीने आटोपायचा. सुवासिनींनी त्या जागी थांबायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचे तोंड कोणी पाहायचे नाही. नवरा अविवाहित असेल तर आधी त्याचे लग्न रुईच्या झाडाशी लावीत, म्हणजे त्याचे पहिले लग्न झाडाशी झाले आणि विधवेशी झाले ते दुसरे, अशी पळवाट निघे. लग्नाची आणि पाटाची असा भेद बायकोत होता आणि तो मुलांपर्यंत पोचत असे. शिवाय पाट लावून जाणारी बाई पहिल्या नवऱ्याचे घर, शेत आणि बहुधा मुलेही मागे ठेवून जात असे. नवऱ्याने टाकलेल्या किंवा काडीमोड घेतलेल्या बाईलाही हीच वाट होती. पंचांसमक्ष काडी मोडली, की पहिला संबंध सुटला, पुढे पाट. विधवा आणि घटस्फोटिता यांच्यासाठी दोन निरनिराळे दरवाजे नव्हते. दरवाजा एकच आणि तो मागच्या अंगाचा. परंतु तो उघडा होता, एवढे मान्य केलेच पाहिजे.

हा दरवाजा बंद कोणी केला? ही हकिकत सुधारकांच्या चरित्रांत फारशी सापडत नाही, कारण ती सुधारणेच्या उलट दिशेने घडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घराण्याची पायरी चढवण्याची हौस आमच्या गावोगावी पसरली. पाटीलकी, देशमुखी, सैन्यातली हुद्द्याची नोकरी किंवा पाटाच्या पाण्यावर हाती आलेला पैसा, यांपैकी काहीही घरात आले की पहिला नियम ठरे तो हा: ‘आमच्यात पाट लावत नाहीत.’ शहाण्णव कुळी म्हणवण्याची ती खूणच झाली. खालच्या जातीने वरच्या जातीचे आचार उचलून वर सरकण्याच्या या रीतीला प्रो. श्रीनिवास यांनी १९५२ साली ‘संस्कृतीकरण’ असे भारदस्त नाव दिले. आमच्याकडील सासवांना ते नाव ठाऊक नव्हते, पण क्रिया पाठ होती. म्हणजे ज्या दशकांत पुण्याचे ब्राह्मण, कर्व्यांच्या १८९३ च्या विवाहानंतर, विधवेच्या लग्नाकडे भीत भीत पाऊल टाकत होते, त्याच दशकांत नीरेकाठचे मराठे आणि त्यांच्यामागून इतर जाती त्याच विवाहाकडे पाठ फिरवून उलट्या वाटेने निघाल्या होत्या. दोन्ही पंगती वाटेत एकमेकींना भेटल्या असतील तर त्यांनी परस्परांना ओळखले नसावे. या लाटेत उलटे पोहण्याचे धैर्य दाखवले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. वेदोक्तासाठी ज्यांनी ब्राह्मणांशी उभा दावा मांडला त्याच राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात पुनर्विवाहाचा व त्याच्या नोंदणीचा कायदा केला. प्रतिष्ठा हवी, पण ती सुनेच्या कपाळावर उभी करायची नाही, हे त्यांना कळले होते. त्यांच्या जातभाईंना कळले नाही.

इंग्रजांच्या कायद्याने या उलट्या प्रवासाला हातभारच लावला. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा म्हणजे विधवेच्या मुक्ततेची सनद असा आमचा समज आहे. त्याचे पहिले कलम तसे आहेही; परंतु वाचक सहसा दुसऱ्या कलमापर्यंत जात नाहीत. पुन्हा लग्न करताच मृत नवऱ्याच्या मिळकतीतील विधवेचा सगळा हक्क, मग तो अन्नवस्त्राचा असो वा वारसाचा, ती त्या दिवशी मरण पावली असे समजून संपुष्टात येईल, असे ते कलम म्हणते. ज्या जातींत पाट आधीपासूनच होता त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. मग त्याचा दंड त्यांनी का भरावा, असा प्रश्न निघाला. अलाहाबादच्या हायकोर्टाने भरू नये असे ठरवले. मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १८९६ साली ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या खटल्यात भरावा असे ठरवले. मुंबई इलाख्यातील पाटाच्या विधवेचा हक्क पूर्वी जातीच्या रिवाजाने जात होता, म्हणजे निदान पंचांशी भांडायला थोडी जागा होती. आता तो सरकारी शिक्क्याने गेला. दीर, भाऊबंद आणि सरकार यांचे एकमत झाल्यावर बाईने भांडावे तरी कोणाशी?

आता पिढ्यांचा हिशेब एका घरात मांडून पाहू. घराचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे एक घर नाही. त्याच्या रेषा शंभर घरांतून घेतल्या आहेत. पणजीचा नवरा १९१८ च्या मानमोडीच्या साथीत गेला. ती विशीत होती. वर्षाच्या आत शेजारच्या गावी तिचा पाट लागला. थोरला मुलगा चुलत्याकडे राहिला, धाकटी अंगावर पिणारी म्हणून तिच्याबरोबर गेली. त्या थोरल्या मुलाच्या सुनेचा, म्हणजे आजीचा, नवरा मुंबईस गिरणीत होता. तो १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वारला. तोवर घरात विहिरीवर इंजिन बसले होते, एक चुलता पंचायतीत निवडून आला होता, आणि ‘आपल्यात ती रीत नाही’ हे वाक्य घरात इतके मुरले होते की ती रीत दोनच पिढ्यांमागे याच घरात होती हे आठवणारे कोणी उरले नव्हते. ज्यांना आठवत होते ते बोलले नाहीत. सव्वीस वर्षांची आजी पुढची पन्नास वर्षे मोकळ्या कपाळाने शेतात राबली. मग नातू गेला, २०२१ साली, करोनात. त्याच्या बायकोचे पुढे लग्न झाले. अंगणात मांडव घातला, सासऱ्यांनी हार घातले, गावच्या वर्तमानपत्रात ‘सुनेला लेक मानून कन्यादान’ असा मजकूर छापून आला. आता या तिघींना एका रांगेत उभे करून, समाज पुढे गेला असे म्हणणाराने मधली बाई कोणीकडे गेली ते सांगावे. एकाच घराने पाट लावला, मग सोडला, मग पुनर्विवाह या नव्या नावाने पुन्हा उचलला; आणि दर वेळी त्याचा निर्णय मनाच्या औदार्यापेक्षा घराच्या पायरीवर आणि जमिनीवर अधिक अवलंबून होता.

पुरुषांच्या बाबतीत असला चढउतार कधी नव्हताच, कारण त्यांना चढण्याचे कामच पडले नाही. बिजवर हा शब्द आमच्या भाषेत जुना आहे आणि त्याला लांच्छन असे फारसे नाही. न्या. रानड्यांसारख्या पुरुषाची कथा सर्वांना ठाऊक आहे. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली; मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने देवराष्ट्र्याच्या, म्हणजे त्या काळच्या सातारा जिल्ह्यातल्याच, अकरा वर्षांच्या कुमारिकेशी त्यांचा विवाह लावून दिला. विधवाविवाहाच्या मंडळातील अग्रणी पुरुष आणि अकरा वर्षांची वधू! रानड्यांचा अधिक्षेप करण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. ते पुष्कळांनी त्यांच्या हयातीतच केले, आणि रमाबाईंनी पुढे जे कार्य उभारले त्याने त्या टीकेची धार बोथटही झाली. आम्हांस दाखवायचे ते इतकेच, की दोन पिढ्यांच्या त्या झगड्यात बापाला भय वाटले ते विधवेचे. मुलाच्या दुसऱ्या लग्नाचे भय कोणालाच नव्हते. आज दीडशे वर्षांनंतर वधूवरसूचक मंडळांच्या याद्या चाळल्या तर हे भय जसेच्या तसे सापडते, फक्त त्याची भाषा बदलली आहे.

या भाषेकडे थोडे लक्ष द्यावे. ‘पुनर्विवाह चालेल’ असे लिहिणारा वर पुढे लगेच ‘विनापत्य’ असे जोडतो. घटस्फोटित मुलीचे वडील ‘निर्दोष घटस्फोटित’ असे लिहितात, आणि लग्न चार दिवसांत मोडले असल्यास ‘नाममात्र घटस्फोटित’. निर्दोष म्हणजे काय? कोर्टाने दोष दुसऱ्या पक्षाचा ठरवला, असे? बहुतेक हुकूमनामे परस्परसंमतीचे असतात आणि त्यांत दोषाचा विचारच होत नाही. आणि नाममात्र या शब्दाने मुलीविषयी जी ग्वाही देण्यात येते ती इतकी उघड आहे की ती छापताना सभ्य पालकांचा हात कसा थरथरत नाही याचे आम्हांस नवल वाटते. रुईच्या झाडाशी लग्न लावून नवरदेवाचे कौमार्य हिशेबातून वजा करणारे आमचे पूर्वज निदान झाडाला तरी कामाला लावीत होते. आम्ही मुलीच्याच नावामागे शिक्का मारतो. विनापत्य या शब्दाचे काम मात्र याहून कठोर आहे. पणजीने थोरला मुलगा मागे ठेवला तो रिवाजाने. आजची सून मूल आईकडे किंवा सासूकडे ठेवून जाते ती या एका शब्दाने. आईच्या लग्नाला मान्यता आहे, तिच्या लेकराला नाही. कायदा येथे समाजाच्या पुढे आहे. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यान्वये बाप वारल्यावर आई ही मुलाची नैसर्गिक पालक असते आणि पुन्हा लग्न केल्याने तिचे ते पालकत्व जात नाही. पुनर्विवाहित आईला मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले.

जमिनीचे काय, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर मोघम देण्यात अर्थ नाही, म्हणून एक साधे उदाहरण घेतो. नवऱ्याने स्वकष्टाने घेतलेली दीड एकर, म्हणजे साठ गुंठे, जमीन आहे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे बायको, एक लहान मुलगी, आई आणि वडील. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी आणि मुलगी या तिघी पहिल्या वर्गाच्या वारस. वडील त्या वर्गात नाहीत, हे ऐकून पुष्कळ सासऱ्यांना धक्का बसतो. प्रत्येकीचे वीस गुंठे. हे वीस गुंठे विधवेला नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणीच मिळतात, पूर्ण मालकीने मिळतात, आणि तिने पुढे कोणाशीही लग्न केले तरी ते परत जात नाहीत. १८५६ च्या कायद्यातले ते दुसरे कलम आता कोठेही शिल्लक नाही. तो अख्खा कायदाच १९८३ साली रद्द करण्यात आला. पुनर्विवाहित सुनेला सासऱ्याच्या मिळकतीतून वगळणारे १९५६ च्या कायद्यातील चोविसावे कलमही २००५ साली काढून टाकण्यात आले.

मग अडते कोठे? अडते ते लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. ज्या सासऱ्यांनी सुनेला लेक मानून कन्यादान करायचे ठरवले आहे तेच तिला एका सकाळी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातात आणि ती तेथे हक्कसोडपत्रावर सही करते. कागद रीतसर नोंदला जातो, तलाठ्याकडे फेरफार पडतो, सातबाऱ्यावरून नाव उतरते. कोणी जबरदस्ती केलेली नसते. ‘तू आता त्या घरची, इथलं घेऊन काय करायचं?’ इतकेच शब्द पुरतात, आणि ज्यांनी मोठ्या मनाने पुढाकार घेतला त्यांना नाही म्हणणे कोणत्या सुनेला जमेल? १८५६ च्या कायद्याने जे हिसकावून घेतले होते ते १९५६ च्या कायद्याने परत दिले आणि कृतज्ञतेने पुन्हा काढून घेतले. वर्तमानपत्रातला तो मजकूर आणि हा दस्त बरेचदा एकाच महिन्याचे असतात. आमची वर्तमानपत्रांना विनंती आहे, की यापुढे असे कन्यादान छापण्यापूर्वी सातबारा मागवून पाहावा.

त्यातही पुष्कळदा आणखी एक चूक होते, आणि ती लहान नाही. सुनेच्या सहीबरोबर ‘अज्ञान पालनकर्ती आई’ म्हणून मुलीच्या वीस गुंठ्यांचीही सही घेतली जाते. अज्ञान मुलाच्या स्थावर मिळकतीची अशी विल्हेवाट जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून नैसर्गिक पालकालाही लावता येत नाही; परवानगीवाचून लावली तर ती मुलगी सज्ञान झाल्यावर, मुदतीत दावा आणून, तो दस्त रद्द करून घेऊ शकते. असा दस्त ओळखणे कठीण नाही. मजकुरात अज्ञानाचे नाव आहे आणि न्यायालयाच्या हुकुमाचा क्रमांक नाही, म्हणजे तो दस्त कच्चा. आजोबांना वाटते जमीन पक्की झाली. वास्तविक ती नातीच्या अठराव्या वर्षाची वाट पाहत असते.

सासरच्या माणसांची बाजू आम्ही ऐकलेली नाही असे कोणी समजू नये. त्यांची भीती पोकळ नाही. शेत फुटेल, बाहेरचा माणूस बांधावर येईल, असे ते म्हणतात, आणि कायदा त्यांना अंशतः दुजोराही देतो: ती पुनर्विवाहित बाई पुढे मृत्युपत्र न करता वारली तर तिच्या वीस गुंठ्यांत तिच्या मुलीबरोबर दुसऱ्या नवऱ्यालाही वाटा मिळतो. परंतु या भीतीवर हक्कसोडपत्र हा इलाज नव्हे. बाईने ती जमीन मृत्युपत्राने किंवा नोंदलेल्या बक्षीसपत्राने मुलीच्या नावे करावी. तिला विकायचीच असेल तर वारसा कायद्याच्या बाविसाव्या कलमाने सहवारसांचा, म्हणजे येथे सासूचा व नातीचा, ती विकत घेण्याचा पहिला हक्क आहे, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवले आहे. बाहेरचा माणूस बांधावर येऊ द्यायचा नसेल तर वीस गुंठ्यांची वाजवी किंमत मोजावी. ती मोजायची नाही आणि औदार्याचा मानही हवा, असा जो प्रकार चालला आहे त्यास आमचा आक्षेप आहे.

घटस्फोटितेचा प्रश्न याहून निराळा आहे आणि दोघींना एका वाक्यात कोंबणे चुकीचे आहे. तिला वारसा नाही. पोटगी आहे, पण पोटगी तिच्या पुनर्विवाहाबरोबर थांबते. म्हणून शहाणा वकील एकरकमी तोडगा मागतो. तिचे खरे संकट दुसरीकडे आहे, आणि ते जुन्या काडीमोडीतून आले आहे. आमच्या भागात अद्याप मुद्रांकावर लिहिलेल्या सोडचिठ्ठ्या सर्रास होतात. दोन्हीकडची माणसे बसतात, दागिन्यांची देवघेव होते, नोटरीचा शिक्का पडतो आणि घटस्फोट झाला असे सर्वजण समजतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जातीच्या रिवाजाप्रमाणे होणारा काडीमोड राखून ठेवला आहे हे खरे. परंतु तो रिवाज प्राचीन आहे, अखंड आहे आणि या जातीत आजही चालतो, हे सर्व पुराव्याने कोर्टात सिद्ध करावे लागते. ज्या घराण्यांनी तीन पिढ्या ‘आमच्यात ती रीत नाही’ असे अभिमानाने सांगितले त्यांनी आता कोणत्या तोंडाने ती रीत सिद्ध करावी?

आणि सिद्ध झाली नाही, तर पहिले लग्न कायम आहे असे होते आणि दुसरे मुळातच रद्दबातल ठरते. ही आपत्ती सहसा पहिल्या दिवशी उघडकीस येत नाही. सगळे सुरळीत असते तोवर मुद्रांकाचा कागद कपाटात पडून राहतो. दुसरा संसार बिघडला, किंवा दुसरा नवरा वारला आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला, की समोरचा वकील तो कागद मागतो. आपल्याच महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असे ठरवले होते, की रद्दबातल विवाहातील स्त्री पोटगीच्या कायद्याने ‘पत्नी’च नव्हे. पुढील निकालांनी ही कठोरता बरीच सौम्य केली, २०२५ साली तर अशा विवाहातही कायमची पोटगी देता येते असे सांगितले. परंतु ती मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते ती लागतेच. जिच्या घरी लग्नाची बोलणी चालू आहेत तिने पत्रिका नंतर पाहाव्या, आधी हुकूमनाम्याची नक्कल पाहावी. कोर्टाच्या हुकुमाविरुद्ध अपील करण्याची नव्वद दिवसांची मुदत संपली आहे ना, हेही पाहावे. ज्येष्ठ मंडळी याला अपशकुन म्हणतात. म्हणोत.

सातारा जिल्हा हा शिपायांचा जिल्हा आहे. तेव्हा आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. शौर्यपदक मिळवून कामी आलेल्या शिपायाच्या विधवेस जो भत्ता मिळे तो तिने पुन्हा लग्न केल्यास बंद होई. अपवाद एकच, तिने दिराशी लग्न केल्यास तो चालू राही. २०१७ च्या नोव्हेंबरात सरकारने ही अट काढून टाकली. दीर-भावजयीचा विवाह उत्तरेकडील काही जातींत रूढ आहे. आमच्याकडे बऱ्याच जातींत हे नाते मायलेकराचे मानतात आणि तसला विचारही निषिद्ध धरतात. म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारने दूरच्या एका प्रांताची रूढी नियमात लिहून ठेवली होती आणि आमच्या गावच्या वीरपत्नीस, भत्ता हवा तर दिराशी लग्न कर, असे लेखी सांगितले होते. पैसा घरातून बाहेर जाऊ नये, ही एकच चिंता त्या नियमामागे होती. दुसऱ्या कलमामागेही तीच होती, आणि हक्कसोडपत्रामागेही तीच आहे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने नवऱ्याच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव स्तुत्य आहे, त्यात शंका नाही; त्यामागून ज्या ज्या गावांनी तसे ठराव केले तीही अभिनंदनास पात्र आहेत. परंतु कुंकवाला पैसे पडत नाहीत. ग्रामसभांना आमची सूचना अशी, की त्याच ठरावाखाली आणखी दोन ओळी घालाव्यात: विधवेच्या वारसनोंदीचा अर्ज नवऱ्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत ग्रामपंचायतीने स्वतः पाठपुरावा करून तलाठ्याकडे द्यावा, आणि तिच्या पुनर्विवाहाच्या आगेमागे वर्षभरात झालेले कोणतेही हक्कसोडपत्र ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. पहिल्या ओळीला कोणी विरोध करील असे वाटत नाही. दुसरीला कोण कोण विरोध करतो ते सभेच्या नोंदवहीत नावानिशी लिहून ठेवावे.